गप्प आहे, पण का गप्प आहे?



गटात एखादी ताई बोलत नसली की तिच्यासाठी आपल्याकडे शब्द तयारच असतात. घुमी, अबोल, बुजरी, लाजाळू, मुखदुर्बळ. मनात थोडा राग असला तर शिष्ट, आतल्या गाठीची, माणूसघाणी. मराठीत या बाबतीत शब्दांची अजिबात कमी नाही! पण नीट बघितलं तर हे सगळे शब्द बाहेरून जे दिसतं त्याचे आहेत. ती गप्प आहे, एवढंच ते सांगतात. ती का गप्प आहे, हे यातला एकही शब्द सांगत नाही.

आणि गटाच्या कामात सगळा फरक त्या 'का'नेच पडतो. पदाधिकारी बदलायची वेळ येते, कुणाला कोषाध्यक्ष करायचं, कुणाला प्रशिक्षणाला पाठवायचं हे ठरतं, तेव्हा 'ती नको, ती लाजाळू आहे' असं म्हणून एक नाव मागे पडतं. पुढच्या वेळी परत तेच. त्या ताईला खरंच नको होतं, की हवं होतं पण जमत नव्हतं, की त्या विचारानेच तिला आठवडाभर झोप लागली नव्हती, हे कुणी विचारत नाही. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींच्या बाबतीत आपण करायचंही वेगवेगळं असतं.

खाली ज्या तीन तायांबद्दल लिहिलंय त्या एकाच गटात बसवल्या आहेत, पण तशा त्या आपल्या भागातल्या अनेक जणींच्या मिळून झालेल्या आहेत. त्यामुळे 'ही अमुकच' असा अंदाज बांधू नका.

शेळ्यावाली ताई

पहिली ताई शेळ्या पाळते. बैठकीत दीड तासात दोनदा बोलेल. पण जे बोलेल ते मुद्द्याचं. कर्जमागणीवर बाकीच्यांचं बोलून झालं की म्हणेल, 'मागच्या उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागला होता, तर हप्ता पावसाळ्यानंतर सुरू करूया.' आणि सगळ्या गप्प होतात, कारण तिचं बरोबर असतं. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून वाद झाला तेव्हा ही उभी राहिली, सरपंचांकडे बघून दोन वाक्यं बोलली आणि खाली बसली. ना आवाज कापला, ना घाम आला.

मग लग्नात हळदीच्या रात्री ही लवकर घरी का जाते? सहलीच्या गाडीत सगळ्या गाणी म्हणताना ही खिडकीबाहेर का बघत बसते? कारण खूप माणसांत, खूप आवाजात राहिलं की ती दमते. शेळ्यांमागे एकटीने माळावर फिरलं की तिला परत बरं वाटतं. ही झाली अंतर्मुख. माणसांच्या स्वभावाचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे भाग कार्ल युंग नावाच्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या १९२१ सालच्या पुस्तकात मांडले आणि तिथून ते सगळीकडे गेले. त्यात आजार काही नाही, भीतीही नाही. काहींना तिखट जास्त लागतं, काहींना कमी, तसंच माणसांची संगतही कुणाला जास्त लागते, कुणाला कमी.

अशा ताईला सुधारायला जाऊ नका. तिला एवढंच हवं असतं की बैठकीत कशावर बोलायचंय ते आदल्या दिवशी कळावं आणि चौघी एकदम बोलत असताना तिला घुसून बोलावं लागू नये. अध्यक्ष ताईने गोल फिरून प्रत्येकीला विचारलं तरी काम होतं.

नवीन सून

दुसरी ताई वर्षभरापूर्वी लग्न होऊन गावात आली. हिला बोलायचं असतं. ओठावर येतं आणि परत जातं. कुणी एकदम नाव घेतलं की चेहरा लाल होतो, पदर सारखा करते, 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणते. पण हिच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या बैठकीत ती दाराशी बसायची, तिसऱ्या बैठकीत मधे सरकली आणि सहाव्या बैठकीत शेजारणीशी कुजबुजत होती. आता पापडाच्या ऑर्डरचा हिशेब तीच सांगते. नवीन माणूस आलं, ग्रामसंघाच्या ताई आल्या की पुन्हा थोडी आत जाते. मग अर्ध्या तासाने मोकळी होते.

हा लाजाळूपणा. नवख्या माणसापुढे अवघडणं. ओळख वाढली की तो उतरत जातो, आणि महत्त्वाचं म्हणजे तो असतानाही तिचं काही अडत नाही. ती बैठकीला येते, प्रशिक्षणाला जाते, बँकेतही जाते. लाजत लाजत, पण जाते.

या ताईला वेळ लागतो आणि छोटा घोळका लागतो. दोघी-दोघींच्या जोड्या करून चर्चा करायला दिली तर ती चांगली बोलते. सगळ्यांसमोर 'अगं बोल की, एवढी काय लाजतेस?' असं म्हटलं तर आणखी दोन बैठका मागे जाते. एवढं सांभाळलं तर हिची काळजी करायचं कारण नाही.

शिवणकाम करणारी ताई

आता तिसरी. हिच्याबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण नुकसान हिचं होतं आणि ते कुणाला दिसत नाही.

ही ताई ब्लाउज शिवते. आपल्या गल्लीत बसली की हिच्याइतकं बोलणारी कुणी नाही. नकला करते, सगळ्यांना हसवते. म्हणजे ही अंतर्मुख बिलकूल नाही! तिला माणसं हवी असतात. लाजाळू म्हणावं तर गटात येऊन तिला सहा वर्षं झाली, सगळ्या ओळखीच्या. तरीही काही गोष्टी ती करत नाही. दुसऱ्याच्या घरी चहा घेत नाही. 'आत्ताच झाला', 'आज उपवास आहे', काहीतरी सांगते. लोक म्हणतात, शिष्ट आहे. बँकेत जायचं असलं की तिचं डोकं दुखतं. हजेरी वहीवर सही करायची असते तेव्हा वही मांडीवर घेऊन भिंतीकडे वळते, किंवा 'नंतर करते' म्हणून सगळ्या गेल्यावर करते. कोषाध्यक्षपदासाठी तिचं नाव दोनदा आलं. दोन्ही वेळा 'मला मशीनच्या कामातून वेळ नाही' म्हणाली. पिको-फॉलचं मशीन घ्यायला बँकेचं कर्ज मिळत होतं, तेही तिने सोडलं, कारण कागदांवर बँकेत साहेबांसमोर बसून सह्या करायच्या होत्या.

आहे काय हे? तिला लोकांसमोर लिहायची, सही करायची भीती आहे. हात थरथरेल, सही वाकडी येईल, बघणारे म्हणतील की हिला साधी सही येत नाही. कपबशी हातात घेतली की वाजेल आणि सगळे बघतील, म्हणून चहा नको. ऐकायला विचित्र वाटेल, पण मनाच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे. चारचौघांसमोर लिहिणं, खाणं-पिणं, बोलणं यांची भीती हे या त्रासाचे नेहमी दिसणारे प्रकार आहेत. याला सोशल अँक्झायटी म्हणतात. आपण त्याला लोकांच्या नजरेची भीती म्हणूया. सापाची भीती वाटणारा माणूस सापाला घाबरतो, तशी ही ताई लोकांना घाबरत नाही. लोक आपल्याला बघून काय ठरवतील, याला ती घाबरते.

लाजेपेक्षा ही भीती वेगळी कशी ओळखायची? मी घटनेच्या आधी, घटनेच्या वेळी आणि घटनेनंतर काय होतं ते बघते.

आधी: बँकेत सोमवारी जायचं असेल तर हिला गुरुवारपासूनच पोटात गोळा येतो. रात्री झोप मोडते. लाजाळू सुनेचं असं होत नाही, ती तिथे पोहोचल्यावर लाजते.

त्या वेळी: छाती धडधडते, तळहात ओले होतात, घशाला कोरड पडते, हात कापतो. मग ती पेन घट्ट आवळून धरते. आणि गंमत अशी की स्नायू जितके आवळावेत तितका हात जास्त कापतो. शिवाय तिचं सगळं लक्ष आपल्या हाताकडे असतं. समोरचा बँकेतला माणूस खरं तर घड्याळाकडे बघत असतो, जेवणाची सुट्टी कधी होते म्हणून. पण तिचं तिकडे लक्षच नसतं. आपला हात सगळ्या बँकेला दिसतोय असं तिला वाटतं.

नंतर: घरी आल्यावर तेच तेच डोक्यात फिरतं. 'तो हसला का?' 'मागची बाई काय म्हणाली असेल?' दोन-दोन दिवस. आणि शेवटी मन ठरवतं, पुढच्या वेळी जायचंच नाही.

तसं कधीमधी सगळ्यांचंच होतं. पहिल्यांदा माईक हातात आला की माझेही पाय लटपटतात. पण ही भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकून असेल, जवळजवळ दर वेळी येत असेल आणि त्यामुळे काम, कमाई, नातीगोती अडत असतील, तेव्हा डॉक्टर त्याला त्रास म्हणतात. बऱ्याच जणींचा हा त्रास वयात येताना, शाळेच्या दिवसांतच सुरू झालेला असतो. म्हणून ती स्वतःही म्हणते, 'माझा स्वभावच असा आहे.' स्वभाव असता तर पिको-फॉलचं मशीन सोडल्याचं तिला वाईट वाटलं नसतं.

मग हे वर्षानुवर्षं का टिकतं? इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण उपायही यातूनच निघतो. ती बँकेच्या दारातून परत फिरते तेव्हा छातीची धडधड लगेच थांबते. हलकं वाटतं. शरीर त्यातून शिकतं की परत फिरले म्हणून वाचले. दर वेळी टाळलं की हा धडा आणखी पक्का होतो. आणि भीती आपोआपही उतरते, हे तिला कधी कळतच नाही, कारण उतरेपर्यंत ती तिथे थांबलेलीच नसते. दूध उतू जाईल म्हणून दर वेळी आच बंद केली, तर कमी आचेवर ते उतू न जाता उकळत राहतं हे कळणार कसं? थोडा वेळ थांबलं तर भीती वर जाते, टोकाला पोहोचते आणि कुणी काही न करता खाली येते. शरीर तासन् तास त्या टोकावर राहू शकत नाही.

आपण तिच्यावर प्रेमाने जे करतो त्यानेही कधी कधी भीतीच जपली जाते. 'राहू दे गं, मी करते तुझ्या वतीने.' मुलगी सोबत जाऊन स्लिप भरते, शेजारीण चहा नाकारायला मदत करते. आणि याच्या उलट टोक म्हणजे महिला दिनाच्या कार्यक्रमात अचानक हात धरून स्टेजवर चढवायचं आणि माईक हातात द्यायचा, 'भीती एकदाच मोडून टाकू' म्हणून. अशाने भीती मोडत नाही. ती रडत खाली उतरते आणि पुढच्या कार्यक्रमाला येतच नाही.

पायरी-पायरीने कसं करायचं

उपाय या दोन्हींच्या मधला आहे. भीतीच्या पायऱ्या करायच्या आणि खालून चढायचं. मानसोपचारात हे बरीच वर्षं वापरतात आणि या त्रासात त्याचा चांगला उपयोग होतो. शिवणकाम करणाऱ्या ताईने हे कसं केलं ते सांगते.

सगळ्यात आधी एक तपासणी. एकटीने, दार लावून, कोऱ्या कागदावर दहा सह्या करायच्या. तिच्या दहाही सह्या सरळ आल्या. म्हणजे हातात दोष नाही, कुणी बघत असेल तेव्हाच तो कापतो. हे बघणं गरजेचं आहे, कारण एकटी असतानाही हात थरथरत असेल तर कारण वेगळं असू शकतं. थायरॉईड वाढला तरी हात कापतो आणि धडधड होते. तसं असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्या.

मग तिने एका वहीत ज्या-ज्या गोष्टींची भीती वाटते त्या लिहिल्या आणि प्रत्येकीला शून्य ते दहा असे गुण दिले. मुलीसमोर सही करणं, तीन. गटात हजेरी वहीवर सगळ्यांसमोर सही, पाच. दुसऱ्याच्या घरी कपबशीतून चहा, सहा. बँकेत नुसतं बाकावर बसणं, चार. बँकेत उभ्याने पैसे भरायची स्लिप लिहिणं, सात. काउंटरवर कर्मचारी बघत असताना विड्रॉलवर सही, नऊ. कर्जाच्या कागदांवर साहेबांसमोर सह्या, दहा. गुणांप्रमाणे लावलं की आपोआप शिडी तयार झाली.

सुरुवात मुलीसमोरच्या सहीपासून केली. सही करायला लागतात पाच सेकंद. एवढ्यात भीती वर जाते, पण खाली यायला वेळच मिळत नाही. म्हणून एक सही करून उठायचं नाही. एकामागे एक वीस सह्या करायच्या आणि मुलीने शेजारी बसून कागदाकडेच बघायचं. दर पाच सह्यांनी ताई वहीत गुण लिहायची. पहिल्यांदा चार आले (नुसत्या विचाराने दिलेल्या गुणांपेक्षा जास्त!), मग तीन, मग दोन, मग 'आता कंटाळा आला'. कंटाळा आला म्हणजे ती पायरी झाली समजा. आठवड्यातून चार-पाच दिवस हे केलं. महिन्यातून एकदा केलं असतं तर दर वेळी पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं.

गटात सही करण्याच्या पायरीवर एक अडचण आली. ती सही करत होती, पण पेन आवळून, श्वास रोखून, मान खाली घालून. भीती काही उतरत नव्हती. अशा वेळी मन काय म्हणतं? 'बरं झालं पेन घट्ट धरलं म्हणून निभावलं.' म्हणजे श्रेय सगळं पेन आवळण्याला. म्हणून या कुबड्या एक-एक करून सोडाव्या लागतात. पेन सैल धरायचं. भिंतीकडे वळायचं नाही. सही झाल्यावर मान वर करून समोरचीकडे बघायचं. आणि एकदा तर तिने मुद्दाम वाकडी सही केली. कुणीही काही म्हटलं नाही. पुढचीने वही ओढून घेतली आणि आपली सही केली.

त्याच बैठकीत तिच्या परवानगीने मैत्रिणीने तिचा सही करतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढला. बघण्याआधी तिला विचारलं, हात किती कापला असेल? ती म्हणाली, 'पिंपळाच्या पानासारखा.' मग व्हिडिओ बघितला. पेनाचं टोक किंचित हलत होतं, तेही लक्ष देऊन बघितलं तर. ती दोनदा मागे नेऊन बघत राहिली. आतून जे जाणवतं आणि बाहेरून जे दिसतं त्यात केवढा फरक असतो, हे तिला शंभर वेळा सांगून पटलं नसतं.

बँकेची पहिली पायरी नुसतं बसण्याची होती. मैत्रिणीबरोबर जायचं, बाकावर वीस मिनिटं बसायचं, काउंटरवर येणाऱ्या लोकांकडे बघायचं. लोक स्लिपा चुकवतात, पुन्हा मागतात, सही जुळत नाही म्हणून परत करतात, हे तिने तिथे बसून बघितलं. याचा मोठा उपयोग झाला, कारण 'सही जुळली नाही तर?' ही तिची खरी धास्ती होती. जुळली नाही तर कर्मचारी परत करायला सांगतो. खरंच खूप बदलली असेल तर नमुना सही नव्याने देता येते. आपल्या बहुतेक गटांच्या खात्यावर तिघींपैकी दोघींच्या सह्या चालतात, त्यामुळे एकीची सही परत आली म्हणून गटाचे पैसे बुडत नाहीत.

दुसऱ्या फेरीत पैसे भरायची स्लिप तिने स्वतः लिहिली. तिसऱ्या फेरीत मैत्रीण दाराबाहेर थांबली. चौथ्या वेळी तिने आपल्या स्वतःच्या खात्यातून दोनशे रुपये काढायला विड्रॉलवर काउंटरवरच सही केली. गुण लिहिले आठ. दोनशे रुपये काढायचं काही काम नव्हतं, म्हणून दोन दिवसांनी तिने ते परत भरले आणि पुन्हा काढले! कर्मचाऱ्याने विचारलं, 'ताई, रोज दोनशेच का?' ती हसली. त्या दिवशी गुण होते चार.

या सगळ्याला तीन महिने लागले. मधे एकदा सासऱ्यांच्या आजारपणात पाच आठवड्यांचा खंड पडला आणि परत गेली तेव्हा भीती पुन्हा सातावर होती. असं होतं. तेव्हा 'सगळं वाया गेलं' म्हणायचं नाही, एक पायरी खाली उतरायचं आणि तिथून परत सुरू करायचं. दुसऱ्यांदा चढताना वेळ कमी लागतो. भीती तिची पूर्ण गेली का? नाही. मोठ्या कागदांवर सह्या करताना अजूनही छाती धडधडते. पण आता ती धडधडत्या छातीने सही करते.

सोबत करणाऱ्या मैत्रिणीने काय बोलावं, तेही सांगते. 'काही होत नाही, घाबरतेस काय' हे वाक्य उपयोगाचं नाही. तिला काहीतरी होतंय, हे खरंच आहे. त्याऐवजी 'हात थरथरला तर थरथरू दे, सही तर होईल' हे म्हणा. पायरी कोणती घ्यायची हे ताईने ठरवायचं, आपण नाही. आणि तिची गोष्ट गटात सांगायची की नाही, हेही तिनेच.

घाईने ठरवू नका

हे वाचून प्रत्येक गप्प ताईवर यातला एकेक शिक्का मारत बसू नका. दोन गोष्टी एकत्रही असतात. अंतर्मुख असून शिवाय भीतीही असलेल्या ताया असतात. आणि काही वेळा कारण तिच्यात नसतंच, खोलीत असतं. सासू त्याच गटात असेल तर सून बोलत नाही, यात कसली आली लाज आणि कसली भीती? घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल याचा तो साधा हिशेब आहे. एखादीला कमी ऐकू येत असतं. एखादीची बोली वेगळी असते आणि कुणी तरी एकदा तिला हसलेलं असतं. जातीवरून मागे बसवलेल्या ताईचं गप्प बसणं तर सगळ्या गटाने आपल्याकडे बघून तपासायची गोष्ट आहे.

आणखी एक वेगळी खूण लक्षात ठेवा. आधी बोलणारी, हसणारी ताई गेल्या काही आठवड्यांपासून गप्प झाली असेल, जेवण कमी झालं असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते या तिन्हींतलं नाही. ते नैराश्य असू शकतं किंवा घरात काही घडत असू शकतं. तिथे पायऱ्या-बियऱ्या काढत बसू नका. जवळ बसा, एकांतात विचारा. जगणं नकोसं झाल्यासारखं ती बोलली तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

नजरेची भीती थोडी असेल तर वर सांगितल्यासारखं मैत्रिणीच्या सोबतीने जमतं. पण ताईने घराबाहेर पडणंच बंद केलं असेल, पहिल्या पायरीलाच जमत नसेल, किंवा भीती उतरवायला दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार घेतला जात असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. तिथे बोलून उपचार होतात, गरज वाटली तर गोळ्याही देतात. या त्रासात जास्त करून ज्या गोळ्या देतात त्या झोपेच्या नसतात आणि त्यांची सवय लागेल ही भीती धरायचं कारण नाही. पण त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नका.

जिल्ह्याला जाणं लगेच होत नसेल तर फोनवरही बोलता येतं. केंद्र सरकारची टेलि मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर लावायचा, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो. फोन लागल्यावर भाषा निवडायला सांगतात, तिथे मराठी निवडा. नजरेची भीती असलेल्या बऱ्याच जणींना फोनवर बोलायचीही भीती असते, म्हणून काय बोलायचं त्याच्या दोन ओळी आधी कागदावर लिहून ठेवा: 'मला लोकांसमोर सही करायची भीती वाटते. दोन वर्षांपासून आहे. त्यामुळे मी बँकेत जात नाही.' एवढं वाचून दाखवलं तरी पुढचं तेच विचारतात.

पुढच्या महिन्यात बऱ्याच गटांत पदाधिकारी बदलाची बैठक आहे. ज्या ताईचं नाव 'ती लाजाळू आहे' म्हणून वगळणार असाल, तिला बैठकीच्या आधी, चौघींत नाही तर एकटीला गाठून विचारा: तुला हे काम नकोच आहे, की हवंय पण काहीतरी अडतंय? 'अडतंय' म्हणाली तर नेमकं कुठे अडतं तेही विचारा. सहीपाशी, बोलण्यापाशी, की बँकेच्या दारापाशी. पदाची पहिली बँक फेरी तिच्या शिडीवर कितव्या पायरीला येते ते दोघींनी मिळून बघा आणि तोवरच्या फेऱ्या दुसरी कुणी सांभाळेल का ते गटात ठरवून घ्या. वहीत पायऱ्या लिहायला मदत हवी असेल तर मला निरोप द्या, बैठकीच्या दिवशी अर्धा तास आधी येऊन बसते.



तुमची क्षेत्र समन्वयक